तारीख बदलता बदलता तुटलेलं बोट: रात्री 11.20 ला चावी फिरवलेल्या एका घड्याळाचं प्रकरण

घड्याळ सेइको 5. स्टीलची केस, चार वाजण्याच्या बाजूला अर्धी आत दडलेली चावी, तीनच्या जागी एकाच खिडकीत वार आणि तारीख. आत 7एस26 हे ऑटोमॅटिक मशीन आहे. हे मशीन 1996 पासून लाखो घड्याळांत बसलं. वाराची तबकडी इंग्रजी-अरबी आहे, म्हणजे घड्याळ आखाती देशांतल्या बाजारासाठी बनलेलं. दुबई-मस्कतला नोकरीला असलेल्या कुणीतरी भावाला किंवा जावयाला आणून दिलेलं असं घड्याळ कोकणात आणि गोव्यात बऱ्याच घरांत सापडतं. सोबतचं माहितीपत्रक मात्र बहुतेक वेळा तिकडेच राहिलेलं असतं. या प्रकरणाचं मूळ निम्मं तिथेच आहे.

तक्रार अशी: वार रोज बरोबर बदलतो, तारीख बदलत नाही. रोज सकाळी चावी ओढून तारीख हाताने पुढे न्यावी लागते. वेळ अचूक आहे, घड्याळ बंद पडत नाही, पडलं-आपटलं नाही, पाणी गेलेलं नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून तारखा सरळ 2025 च्या घेऊ. मालकाने घड्याळ बुधवारी, 26 फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या पहाटे आंघोळीआधी काढून कपाटात ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. हे मशीन हातावरच्या हालचालीने आतली स्प्रिंग भरून घेतं आणि पुरतं भरलेलं असेल तर काढून ठेवल्यावर चाळीस तासांहून थोडं अधिक चालतं. त्या हिशेबाने ते गुरुवारी रात्री 10.50 ला थांबलं. खिडकीत गुरुवार आणि 27 होते. रविवारी, 2 मार्चला, रात्री 11.20 वाजता मालकाने ते बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, म्हणून हलवून चालू केलं आणि झोपायच्या आधी सगळं लावून टाकलं.

त्याने काय केलं ते क्रमाने पाहू. चावी पहिल्या टप्प्यापर्यंत ओढली. या मशीनमध्ये पहिल्या टप्प्यावर एका दिशेने फिरवलं की तारीख बदलते आणि उलट फिरवलं की वार. त्याला 27 वरून 2 वर यायचं होतं: 28, 29, 30, 31, 1, 2, म्हणजे सहा घरं. पहिलं घर जड गेलं. त्याने थोडा जोर दिला, बोटांना बारीकसा ‘कट्’ जाणवला आणि पुढची पाच घरं लोण्यासारखी गेली. मग चावी उलट फिरवून गुरुवारचा रविवार केला. मग दुसरा टप्पा ओढून काटे 10.50 वरून 11.20 वर आणले, चावी दाबली आणि घड्याळ उशाशी ठेवून दिलं. सोमवारी सकाळी खिडकीत सोमवार होता, पण तारीख 2 च होती.

जड गेलेलं पहिलं घर आणि हलकी गेलेली पुढची पाच, एवढ्या वर्णनावरूनच अनुभवी कारागीर घड्याळ न उघडता अंदाज बांधतो. तो अंदाज कशावर बांधला जातो ते समजायचं तर तबकडीखाली काय चालतं ते पाहावं लागेल.

तारखेची तबकडी म्हणजे एक पातळ कडं. त्यावर 1 ते 31 आकडे छापलेले असतात आणि आतल्या कडेला 31 दाते असतात. एका स्प्रिंगचं टोक दोन दात्यांच्या खाचेत बसून कडं जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणून आकडा खिडकीच्या मधोमध राहतो. या स्प्रिंगला जंपर म्हणतात. तासकाट्याच्या चाकावरून आणखी एक चाक चालतं आणि ते चोवीस तासांत एकदाच फिरतं. त्यावर एक छोटं बोट असतं. दिवसभर हे बोट मोकळ्या जागेतून सरकत असतं, कशालाच लागत नाही. रात्री नऊच्या सुमारास ते कड्याच्या दोन दात्यांच्या मध्ये शिरतं आणि समोरच्या दात्याला ढकलायला लागतं. चाक तासाला फक्त 15 अंश फिरत असल्यामुळे हे ढकलणं फार संथ असतं. दोन-अडीच तास जंपर हळूहळू उचलला जातो आणि बाराच्या आसपास तो दात्याच्या टोकावरून घसरून पुढच्या खाचेत पडतो. आकडा बदलतो तो या क्षणी. रात्री साडेअकराला खिडकीत नीट पाहिलं तर आकडा मधोमध नसून थोडा सरकलेला दिसतो. ती खराबी नाही, बोट कामाला लागल्याची खूण आहे.

चावीने तारीख बदलण्याची सोय वेगळी आहे. पहिल्या टप्प्यावर चावी ओढली की एक छोटं चाक कड्याच्या दात्यांपाशी येतं आणि चावी फिरवाल तसं कड्याला एकेक घर पुढे ढकलतं. बोट कड्याला ज्या दिशेने नेतं, त्याच दिशेने हे चाकही नेतं. दोघे एकाच बाजूला ढकलतात, मग भांडण कशाचं, असं वाटू शकतं. भांडण आहे ते बोटाच्या मागच्या दात्याशी. बोट दोन दात्यांच्या मध्ये बसलेलं आहे. चावीने कडं झटकन एक घर पुढे नेलं की मागून येणारा दाता बोटाच्या पाठीवर आदळतो. बोटाला त्याच्यासोबत पुढे जायचं तर चोवीस तासांचं चाक फिरायला हवं. ते फिरायचं तर तासकाट्याचं चाक फिरायला हवं, आणि त्याच्यामागे अख्खी काट्यांची चाकमाळ आहे. एवढं सगळं उलट्या बाजूने जोर लावून फिरत नाही. मग जे सर्वात कमकुवत असेल ते हार मानतं. कधी बोट लवचीक असतं, दबतं, दाता निघून जातो आणि पुन्हा सरळ होतं. कधी बोट वाकतं. कधी मोडतं. कधी बोट टिकतं आणि चावीकडच्या छोट्या चाकाचे दाते झिजतात. या मशीनमध्ये कॅलेंडरच्या बाजूचे काही भाग प्लास्टिकचे आहेत. नेहमीच्या कामाला ते पुरेसे मजबूत आहेत, पण आडव्या झटक्यात वाकून परत सरळ होण्याऐवजी ते तुटतात.

आता मालकाचं वर्णन पुन्हा वाचा. काटे रात्री 10.50 वर होते, म्हणजे बोट दात्यांत शिरून जवळपास दोन तास झाले होते. पहिलं घर जड गेलं, कारण मागचा दाता बोटावर आदळला. ‘कट्’ झालं तेव्हा बोट गेलं. पुढची पाच घरं हलकी गेली, कारण अडवायला काही उरलंच नव्हतं. वाराला मात्र काही झालं नाही. वार ढकलणारं बोट वेगळं असतं आणि त्याचं काम उशिरा सुरू होतं. 10.50 ला ते अजून वाराच्या चाकापर्यंत पोचलेलं नव्हतं. आणखी दीड-दोन तास पुढे हाच उद्योग केला असता तर वारही गेला असता.

वाराचं काम उशिरापर्यंत का चालतं तेही इथेच सांगायला हवं, कारण नुसतं ‘बाराच्या आसपास जपा’ एवढं ऐकून लोक पहाटे दोनला निर्धास्तपणे चावी फिरवतात. दोन भाषांच्या वारतबकडीवर सात नव्हे, चौदा घरं असतात: रविवार इंग्रजीत, रविवार अरबीत, सोमवार इंग्रजीत, सोमवार अरबीत, अशी. एका रात्रीत वाराला दोन घरं पुढे जावं लागतं. मध्यरात्रीनंतर पहिलं घर बदलतं, तेव्हा खिडकीत अरबी अक्षरं दिसतात. आणखी काही वेळाने दुसरं घर बदलतं आणि इंग्रजी सोमवार येतो. रात्री एकच्या सुमारास घड्याळ पाहून ‘वार अरबीत गेला, बिघडलं’ असं म्हणणाऱ्यांची भीती उगाच असते, सकाळपर्यंत ते आपोआप जागेवर येतं. पण या सगळ्याला तीन-साडेतीन वाजतात. म्हणून अशा घड्याळांसाठी रात्री 9 ते पहाटे 4 ही वेळ निषिद्ध धरतात. हिंदी-इंग्रजी वार असलेल्या जुन्या एचएमटींमध्येही तबकडी दुहेरीच असते, त्यामुळे तिथेही हाच पल्ला धरलेला बरा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘रात्री तारीख लावू नये’ असं सांगितलं की लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात. भिंतीवर किती वाजलेत याचा या धोक्याशी काहीही संबंध नाही. संबंध आहे तो हातातल्या घड्याळाच्या काट्यांचा. रविवारी रात्री 11.20 ला तारीख लावणं ही मालकाची चूक नव्हती. त्या वेळी काटे साडेसहावर असते तर काही बिघडलं नसतं. उलट, थांबलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, भर उजेडात, निवांतपणे हातात घेऊन काटे 10.50 वरच ठेवून तारीख बदलली असती, तरी बोट असंच मोडलं असतं. बोटाला दुपार कळत नाही. त्याला फक्त स्वतःची जागा माहीत असते, आणि ती जागा काट्यांशी बांधलेली असते.

अडचण अशी की बारा तासांच्या तबकडीवर 10.50 म्हणजे सकाळचे की रात्रीचे ते दिसत नाही. थांबलेल्या घड्याळाने अर्धी माहिती लपवलेली असते. पण यातून एक सोपी पळवाट आपोआप निघते. निषिद्ध वेळ 9 ते 4. तबकडीवर ही वेळ डावीकडच्या 9 पासून वरच्या 12 वरून उजवीकडच्या 4 पर्यंत पसरते, म्हणजे मोठा भाग वरच्या बाजूला. खालच्या भागात, 5 ते 8 मध्ये, तासकाटा कुठेही असला तर सकाळ असो की संध्याकाळ, दोन्ही वेळा तो धोक्याबाहेर असतो. सकाळचे साडेसहा सुरक्षित आणि संध्याकाळचे साडेसहाही सुरक्षित. म्हणून नियम एवढाच ठेवावा: कॅलेंडरला हात लावायच्या आधी तासकाटा तबकडीच्या तळाशी आणायचा. घड्याळ कोणत्या कंपनीचं, माहितीपत्रक आहे की हरवलं, सकाळ की रात्र, यातलं काहीच आठवावं लागत नाही.

आता तेच घड्याळ, त्याच रविवारी रात्री 11.20 वाजता, कसं लावायला हवं होतं ते पाहू.

आधी ते चालू करायचं. 7एस26 मध्ये चावी फिरवून स्प्रिंग भरत नाही, त्यामुळे चावी फिरवत बसण्यात अर्थ नाही. घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट डावी-उजवीकडे हलकेच झुलवलं की सेकंदकाटा धावू लागतो. जोरात झटकायची गरज नसते.

मग चावी सरळ दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढायची. पहिल्या टप्प्यावर थांबून ती फिरवायची नाही, तो मोह तेवढा आवरायचा. काटे पुढे, फक्त पुढे न्यायचे. 10.50 वरून बारा वाजतात तसं खिडकीकडे लक्ष ठेवायचं. 27 चा 28 झाला, म्हणजे आत्ता ओलांडले ते रात्रीचे बारा. तारीख बदलली नसती तर ते दुपारचे बारा असते, आणि आणखी एक फेरी मारल्यावर मध्यरात्र आली असती. काटे तसेच पुढे नेत साडेसहावर आणायचे. वाटेत वार अरबीतून जाऊन शुक्रवारवर येईल. आता घड्याळात शुक्रवार, 28, सकाळचे साडेसहा आहेत, आणि हे आपल्याला नक्की माहीत आहे.

आता चावी पहिल्या टप्प्यावर दाबायची. तारीख कोणत्या दिशेने बदलते हे लक्षात नसेल तर एकच घर सावकाश फिरवून पाहावं, चुकून वार सरकला तरी काही बिघडत नाही. 28 वरून 2 वर यायला पाच घरं लागतात: 29, 30, 31, 1, 2. शुक्रवारवरून रविवारवर यायला दोन वार, म्हणजे दुहेरी तबकडीवर चार घरं लागतात. मधली अरबी घरं ओलांडून इंग्रजीवर थांबायचं. प्रत्येक घर सारख्याच हलक्या जोराने जायला हवं. एखादं जड लागलं तर तिथेच थांबून तासकाटा पुन्हा पाहावा.

तारीख आजची लावायची की कालची, इथे बरेच जण अडखळतात. काटे आत्ता सकाळच्या साडेसहावर आहेत आणि आपल्याला आजच्याच रात्री 11.20 ला पोचायचं आहे. वाटेत मध्यरात्र येत नाही, फक्त दुपारचे बारा येतात. म्हणून आजचीच तारीख लावायची. समजा हेच काम रात्री 1 वाजता, म्हणजे सोमवार 3 मार्च सुरू झाल्यावर करायचं असतं, तर वाटेत मध्यरात्र आली असती. तेव्हा कालची, म्हणजे रविवार 2 तारीख लावून काटे दुपारच्या बारावरून, मग रात्रीच्या बारावरून पुढे न्यायचे. 2 ची 3 घड्याळ स्वतः करतं. ‘कालची लावा’ हा सल्ला इंटरनेटवर सरसकट दिलेला दिसतो. तो चुकीचा नाही, त्यात सकाळ-रात्रीची खात्री आपोआप होते. पण आधीच खात्री केली असेल तर त्याची गरज पडत नाही.

शेवटी दुसरा टप्पा ओढून काटे पुढे नेत, दुपारचे बारा ओलांडून, 11.20 वर आणायचे. मिनिटकाटा दोन-चार मिनिटं पुढे गेला तर तेवढा मागे आणायला हरकत नाही. काटे मागे फिरवताना रात्रीचे बारा मात्र ओलांडू नयेत, कारण तेव्हा बोट दात्यांवर उलट्या बाजूने चढतं. या मशीनचा सेकंदकाटा चावी ओढली तरी थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवायचा नाद इथे सोडून द्यावा. चावी पूर्ण आत दाबली आहे याची खात्री करायची. पहिल्या टप्प्यावर राहिली तरी घड्याळ चालतच राहतं, म्हणून ते लक्षात येत नाही, आणि पावसाळ्यात याच फटीतून दमट हवा आत जाते. डायव्हर प्रकारच्या घड्याळांची चावी बहुतेकदा आट्यांची असते. तिथे ओढायच्या आधी आटे सोडवायचे आणि नंतर दाबून पुन्हा घट्ट करायचे.

मूळ प्रकरणाकडे वळू. सोमवारी तारीख 2 राहिली तेव्हा मालकाला वाटलं आपणच एक घर कमी फिरवलं. त्याने ऑफिसात अकरा वाजता 3 केली. काटे सकाळच्या अकरावर असल्यामुळे तेव्हा काही झालं नाही. मंगळवारी पुन्हा तेच. मग रोज सकाळी चावी ओढायची सवय लागली. ही सवय स्वतःच एक खर्च आहे. कारण कॅलेंडरचं ते छोटं चाक वर्षातून पाच-सहा वेळा वापरण्यासाठी बनवलेलं असतं, रोजच्या वापरासाठी नाही. असंच वर्षभर चाललं असतं तर बोटाबरोबर ते चाकही बदलावं लागलं असतं.

दुकानात पहिली तपासणी घड्याळ न उघडताच होते आणि ती घरीही करता येते. दुसरा टप्पा ओढून काटे सावकाश पुढे दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे चोवीस तास फिरवायचे आणि खिडकीवर नजर ठेवायची. या घड्याळात दोन्ही वेळा बारा ओलांडले तरी तारीख हललीच नाही, साडेअकराला होते तशी ती सरकायलाही लागली नाही. वार मात्र एका बारानंतर दोन घरं पुढे गेला. पहिल्या टप्प्यावर चावीने तारीख नीट बदलली. म्हणजे कडं ठीक, जंपर ठीक, चावीकडचं चाक ठीक, चोवीस तासांचं चाकही फिरतंय, कारण वार चालतो. उरलं ते एकटं तारखेचं बोट.

ही चाचणी दर वेळी एवढी स्वच्छ उत्तर देत नाही, पण तीन चित्रं पुन्हा पुन्हा दिसतात. तारीख बदलते पण दुपारी बारा वाजता: यात काहीच मोडलेलं नाही. घड्याळ बारा तासांनी चुकीचं लावलंय, काटे एक फेरी पुढे न्यायचे आणि तारीख तपासायची. तारीख एकाच रात्री बदलली नाही आणि पुढच्या रात्रीपासून नीट बदलते: बोट दबून निसटलं, मोडलं नाही, मालक नशीबवान. वार रोज अरबीत दिसतो आणि एक दिवस मागे आहे: रात्री चावी फिरवल्यामुळे दोनांपैकी एक घर हुकलंय, तासकाटा तळाशी आणून वार एकच घर पुढे नेला की मिटलं. चौथं चित्र थोडं गंभीर आहे. रोज रात्री आपोआप तारीख बदलते, पण चावीने फिरवताना ती घसरते किंवा मध्येच अडकते. तिथे बोट वाचलेलं असतं आणि चावीकडच्या चाकाचे दाते गेलेले असतात. आणि घड्याळ बाराच्या आसपास मंदावतं किंवा थांबतं, असं दिसलं तर मोडलेला तुकडा कुठेतरी दात्यांत अडकला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी पुढची चाचणी न करता ते सरळ उघडायला द्यावं.

दुरुस्तीचं काम तबकडीखालचं, म्हणजे पुढच्या बाजूचं, पण सुरुवात मागून होते. मागचं झाकण उघडून, चावीचा दांडा सोडवून मशीन बाहेर काढावं लागतं. मग काटे, मग तबकडी. त्याखाली वाराची तबकडी एका बारीक कड्याने अडकवलेली असते. हे कडं काढताना उडून गेलं की अर्धा तास टेबलाखाली शोधण्यात जातो, म्हणून कारागीर ते प्लास्टिकच्या पिशवीखाली हात घालून काढतात. वार बाजूला केला, तारखेचं कडं धरून ठेवणारा पत्रा सोडवला की बोट समोर दिसतं. या घड्याळात त्याचं टोक मुळापासून तुटलेलं होतं आणि तुकडा कड्याखाली पडलेला होता. बोट बदलायचं आणि तुकडा चिमट्याने काढायचा. तुकडा सापडेपर्यंत घड्याळाचं झाकण लावायचं नाही. तो आत राहिला तर महिन्याभराने दुसऱ्याच तक्रारीसाठी तेच घड्याळ परत येतं.

मशीन जुनं, तेल वाळलेलं असेल तर बरेच दुकानदार बोट बदलण्यापेक्षा आख्खं मशीन बदलायचा सल्ला देतात. या केसमध्ये एनएच36 हे त्याच कुळातलं मशीन बसतं. त्यात चावीने स्प्रिंग भरता येते आणि सेकंदकाटाही थांबतो, म्हणजे मालकाला फायदाच आहे. एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. चावी चारच्या जागी आणि खिडकी तीनच्या जागी असलेल्या घड्याळात आकडे त्या कोनाच्या हिशेबाने छापलेले असतात. चावी तीनला असलेल्या घड्याळासाठीचं मशीन बसवलं तर आकडे खिडकीत तिरके दिसतात. जुन्या मशीनची तारखेची आणि वाराची तबकडी नव्यावर चढवली की हा प्रश्न मिटतो, आणि अरबी वारही जागेवर राहतो.

काटे पुन्हा बसवताना वेळ अंदाजाने बसवत नाहीत. मशीन फिरवत तारीख उडी मारेपर्यंत न्यायची, आणि ती उडी मारताक्षणी दोन्ही काटे बरोबर बारावर बसवायचे. हे नीट झालं तर तारीख बाराच्या पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे बदलते. घाईत बसवलं तर ती साडेबाराला किंवा सव्वाअकराला बदलते. घड्याळ त्याने बिघडत नाही, पण निषिद्ध वेळही तेवढीच सरकते. तासकाटा तळाशी आणायची सवय असेल तर इतक्या फरकाने काही होत नाही.

मालकाला घड्याळ परत देताना सर्वात उपयोगी सूचना फेब्रुवारीबद्दलची होती. तारखेच्या कड्यावर नेहमीच 31 घरं असतात, त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर तारीख हाताने लावावी लागते. बरेच जण ती ‘उद्या विसरायला नको’ म्हणून महिन्याच्या शेवटच्या रात्री साडेअकराला लावतात, आणि बोटं मोडतात ती बहुतेक याच पाच रात्री. 1 तारखेच्या सकाळी, घड्याळ हातावर चढवताना, तारीख लावावी. एप्रिल संपल्यावर 1 मे च्या सकाळी खिडकीत 31 असेल, एक घर पुढे. 1 मार्च 2025 च्या सकाळी चालू घड्याळात 29 दिसली असती: तीन घरं, 30, 31, 1. सकाळी सात-साडेसातला तासकाटा तसाही तळाशीच असतो, काटे हलवावेच लागत नाहीत.